दोन तिजोऱ्या आणि एक शाखाधिकारी: साहेबांना नकाराचा मेल लिहिताना

ताई, नमस्कार.

मी एका पतसंस्थेच्या शृंगारतळी शाखेत शाखाधिकारी आहे. मुख्य कार्यालय चिपळूणला. आमच्या दाभोळ शाखेचे शाखाधिकारी जूनअखेर नोकरी सोडून गेले. काल मुख्य कार्यकारी अधिकारी साहेबांचा मेल आला: ‘दाभोळ शाखेचा अतिरिक्त कार्यभार १ ऑगस्टपासून, पुढील व्यवस्था होईपर्यंत, आपल्याकडे देण्याचा विचार आहे. तरी आपले मत कळवावे.’ सीसीमध्ये अध्यक्ष आहेत. मला हे खरंच झेपणार नाही. शाखेत मी, रोखपाल, एक लिपिक आणि शिपाई एवढेच आहोत. माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याची जागा वर्षभर रिकामी आहे. घरी सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पण साहेब भले आहेत. मला घराजवळची ही शाखा त्यांनीच दिली.

दोन मेल लिहून ठेवलेत. पहिल्यात लिहिलंय, ‘आधीच एक पद रिक्त असताना मी रोज रात्री आठपर्यंत थांबते, याची मुख्य कार्यालयाला कल्पना नसावी. अशा स्थितीत आणखी एका शाखेचा भार टाकणे अन्यायकारक आहे.’ दुसऱ्यात लिहिलंय, ‘आपले माझ्यावर फार उपकार आहेत, आपला शब्द मोडण्याची माझी हिंमत नाही. पण घरच्या अडचणींमुळे शक्य झाल्यास दुसऱ्या कोणाचा विचार व्हावा, नाहीतर मी आहेच.’ पहिला वाचून भीती वाटते, दुसरा वाचून स्वतःचाच राग येतो. पंधरा दिवसांत संचालक मंडळाची सभा आहे. नकार कोणत्या सुरात लिहू?

एक शाखाधिकारी, गुहागर तालुका

*

नमस्कार.

साहेबांच्या मेलमधली दोन्ही वाक्यं पुन्हा एकदा वाचा. ‘विचार आहे’ आणि ‘आपले मत कळवावे’. हा आदेश नाही. आदेश असता तर त्यात तारीख, जावक क्रमांक आणि ‘आपणास याद्वारे कळविण्यात येते’ असं काहीतरी असतं. इथे तुम्हाला विचारलंय. त्यामुळे तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर तो आज्ञाभंग होत नाही, विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर ठरतं. तुमच्या दोन्ही मसुद्यांचा सूर बिघडलाय तो मला वाटतं इथेच. पहिला मसुदा अन्यायाविरुद्ध तक्रार करतो आणि दुसरा हुकूम मोडल्याची माफी मागतो. प्रश्नाला साधं उत्तर मात्र दोन्हींत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हा मेल कोण कोण वाचणार, हे डोळ्यांसमोर आणा. साहेब तर वाचतीलच, सीसीमुळे अध्यक्षही वाचतील. पण खरा वाचक सभेत बसलेला असेल. पंधरा दिवसांनी मंडळासमोर विषय निघेल, ‘दाभोळचं काय केलंत?’ आणि साहेबांना उत्तर द्यावं लागेल. ते म्हणतील, ‘शृंगारतळीच्या मॅडमना विचारलं होतं, त्यांना शक्य नाही.’ लगेच एखादे संचालक विचारतील, ‘का?’ त्या ‘का’चं उत्तर साहेबांना तुमच्या मेलमधून जसंच्या तसं वाचून दाखवता आलं पाहिजे. वरिष्ठांना पाठवायच्या नकाराचा सूर ठरवताना मी हीच एक कसोटी धरते. साहेबांना अडचणीत न आणता त्यांना हा मजकूर चारचौघांत वाचता येईल का? मी टेबलाच्या पलीकडे बसून असे मेल घेतलेत. नम्र मेलचा मला राग आल्याचं आठवत नाही आणि स्पष्ट मेलचाही नाही. त्रास व्हायचा तो ज्या मेलचं पुढे काय करायचं हेच कळत नसे, त्याचा.

या कसोटीवर तुमचा पहिला मसुदा लावून बघा. ‘याची मुख्य कार्यालयाला कल्पना नसावी.’ हे वाक्य अध्यक्षांसमोर वाचलं गेलं तर त्याचा अर्थ होतो की साहेबांना आपल्याच शाखांची माहिती नाही. तुम्हाला तसं म्हणायचं नसेलही, पण सीसीमध्ये अध्यक्ष असताना ते तसंच ऐकू येतं. ‘अन्यायकारक’ या शब्दालाही तीच गत आहे. आणि रात्री आठपर्यंत थांबण्याची गोष्ट खरी असली तरी इथे ती उलटते. मंडळात कुणीतरी हमखास म्हणेल की काम संध्याकाळी साडेसहाला का संपत नाही ते आधी बघा. रिक्त पदाचा मुद्दा मात्र सोन्यासारखा आहे. तो ठेवायचा, फक्त तक्रारीच्या सुरातून काढून वस्तुस्थितीच्या सुरात आणायचा. कसा, ते पुढे दाखवते.

दुसऱ्या मसुद्यातली खरी गडबड शेवटच्या तीन शब्दांत आहे: ‘नाहीतर मी आहेच.’ ज्या माणसाला दाभोळची जागा भरायची आहे, तो अख्ख्या मेलमधून एवढंच वाचणार. आधीच्या चार ओळी तुम्ही कितीही तळमळीने लिहिल्या असल्या तरी तुमचं उत्तर ‘हो’ असंच नोंदलं जाईल आणि ३१ जुलैला आदेश हातात पडेल. मग तुम्ही चिडाल आणि साहेबांना समजणार नाही की चिडायचं कारण काय. संबंध बिघडतात ते बहुतेक असे, नकारामुळे क्वचितच. उपकारांचा उल्लेखही मेलमधून काढा. बदली त्यांनी दिली, त्याबद्दलची कृतज्ञता खरी आहे आणि ती तुम्ही प्रत्यक्ष भेटीत एकदा नक्की बोलून दाखवा. पण नकाराच्या मेलमध्ये ती आली की परतफेडीचा हिशेब सुरू झाल्यासारखं वाटतं, शिवाय ती बदली मेहेरबानी म्हणून झाली होती असा अध्यक्षांसमोर लेखी कबुलीजबाबही होऊन बसतो. साहेबांना ते अजिबात आवडणार नाही.

आता कारण कोणतं द्यायचं. तुमच्याकडे तीन-चार खरी कारणं आहेत आणि ती सगळी लिहावीशी वाटणं स्वाभाविक आहे. तो मोह टाळा. कारणं वाढली की प्रत्येकावर तोडगा निघतो आणि शेवटी तुमच्या हातात नकार उरतच नाही. अंतराचं कारण दिलंत तर प्रवासभत्ता मंजूर होईल. धोपाव्याहून खाडीपलीकडे दाभोळला फेरीबोटीने जायला किती वेळ लागतो, हे मंडळातल्या सगळ्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. कामाच्या ताणाचं दिलंत तर चिपळूणहून एक लिपिक महिनाभरासाठी मिळेल. सासूबाईंच्या डायलिसिसचं दिलंत तर कुणीतरी सहानुभूतीने म्हणेल, ‘ते दोन दिवस सोडून बाकीचे दिवस जा.’ या तोडग्यांमध्ये वाईट हेतू कुणाचाच नसतो. अडचण सांगितली की ती सोडवायची, हा वरिष्ठांचा धर्मच आहे. म्हणून असं एकच कारण द्यायचं की जे खरं आहे, संस्थेचं आहे आणि भत्त्याने सुटत नाही.

ते कारण तुमच्या पत्रातच आहे, तुम्ही त्याला नाव दिलेलं नाही एवढंच. तुमच्याकडे अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे. म्हणजे दोन चाव्या लावूनच उघडणाऱ्या तिजोरीची एक चावी तुमच्याकडे, दुसरी रोखपालाकडे आणि तुमची चावी घेऊ शकेल असा तिसरा माणूस शाखेत नाही.

याचा अर्थ नीट उलगडून बघा. समजा सोमवारी तुम्ही दाभोळला आहात. सकाळी साडेअकराला पालशेतकडची एक बाई शृंगारतळीत आली आहे. मुलाचा मुंबईहून पगार आला, कर्ज फेडायला पैसे घेऊन आली आहे आणि तिला तारण ठेवलेली बांगडी सोडवायची आहे, कारण गौरीला घालायची आहे. रोखपाल पैसे भरून घेईल, पावती देईल, पण तिजोरीतलं दागिन्याचं पाकीट काढता येणार नाही. तिला ‘उद्या या’ म्हणावं लागेल आणि तिचं एसटीचं भाडं पुन्हा जाईल. मंगळवारी तुम्ही शृंगारतळीत असाल तेव्हा हेच दाभोळच्या काउंटरवर घडेल, कारण तिथल्या तिजोरीची शाखाधिकाऱ्याची चावीही तुमच्याच पर्समध्ये असेल. खाडीच्या दोन्ही काठांवर एकेक तिजोरी आणि दोन्हींची चावी एकाच माणसाकडे, अशी ही व्यवस्था होते. पावसाळ्यात वारं सुटलं आणि फेरी थांबली की चिपळूणवरून वळसा घालून यायला अर्धा दिवस जातो.

मग होतं काय, तर सोय म्हणून तुम्ही जाताना आपली चावी रोखपालाकडेच ठेवून जाता. पहिल्या दिवशी धाकधूक होते, आठवड्याने सवय होते. दोन्ही चाव्या एका हातात आल्या की संयुक्त ताब्याला काही अर्थच राहत नाही. लेखापरीक्षणात चावी नोंदवही आणि तुमचा दाभोळचा हजेरीपट शेजारी ठेवून तपासला की पाच मिनिटांत सगळं उघड होतं. ज्या दिवशी मॅडम दाभोळला सही करतायत, त्याच दिवशी शृंगारतळीत तिजोरी उघडली कशी? आणि देव न करो, एखाद्या पाकिटात वजन कमी भरलं, तर जबाबदारी तुमची आणि रोखपालाची. तो बिचारा तर तुम्ही सांगितलं म्हणून चावी घेऊन बसलेला असतो.

दाभोळची बाजूही याच कारणात बसते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि कार्यभार तुम्हाला नेमका १ ऑगस्टपासून द्यायचा आहे. होड्या बाहेर पडायच्या त्याच आठवड्यांत दाभोळच्या काउंटरवर डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल यासाठी पैशांची मागणी येते. तोवर गणपती जवळ येतात, चाकरमानी यायला लागतात आणि दागिने सोडवायची गर्दी दोन्ही शाखांत एकदमच होते. तेव्हा दाभोळला अर्धवेळ शाखाधिकारी देणं हे दाभोळसाठीही वाईट आहे. हे तुम्ही लिहिलंत की मेल फक्त तुमच्या सोयीचा राहत नाही. साहेबांना जो प्रश्न सोडवायचा आहे, त्याच्याबद्दलची उपयोगी माहिती त्यात येते.

पण हे कारण लिहिण्याआधी खात्री करून घ्या. चावीच्या ताब्याबद्दल मुख्य कार्यालयाचं परिपत्रक असेल ते काढा. शाखाधिकारी रजेवर असताना चावी कुणाकडे जाते, याची तुमच्या शाखेत आजवर काय प्रथा आहे तेही नोंदवहीत बघा. गेल्या वर्षी तुम्ही चार दिवस रजेवर होता तेव्हा लिपिकाकडे चावी दिल्याची नोंद असेल, तर साहेब तेच पान पुढे करतील आणि तुमचं कारण कोसळेल. तसं असेल तर मेलमध्ये ‘कोणीच नाही’ असं लिहू नका. ‘चार दिवसांच्या रजेत केलेली व्यवस्था दर आठवड्याला, कित्येक महिने चालवणं सुरक्षित नाही’ असं लिहा. शाखेच्या विमा पॉलिसीत तिजोरीच्या ताब्याबद्दल अट आहे का, तेही बघून ठेवा. असेल तर मुद्दा आणखी पक्का होतो.

डायलिसिसचं काय, असं तुम्ही विचाराल. ते लपवायची काहीच गरज नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. पण ते फोनवर बोलायचं, मेलमध्ये नाही. मेल सभेत फिरतो. सासूबाईंचं आजारपण अकरा संचालकांनी चर्चेला घ्यावं, असं तुम्हालाही वाटणार नाही. आणि बाईने घरचं कारण लेखी दिलं की ते तिच्या नावापुढे वर्षानुवर्षे चिकटून राहतं, पुढे बढतीची वेळ आली तरी कुणीतरी ते आठवतं. हे चूक आहे, पण घडतं, म्हणून सांगते.

म्हणजे फोन आधी, मेल नंतर. आज किंवा उद्या सकाळी शाखेचे व्यवहार सुरू होण्याआधी साहेबांना फोन करा. दोन-तीन मिनिटांत सांगा, ‘साहेब, दाभोळचा मेल वाचला. मी त्यावर नीट विचार केला. मला ते घेता येणार नाही. मुख्य अडचण चावीची आहे, घरीही तुम्हाला माहीत आहे तशी परिस्थिती आहे. सविस्तर मेल करते, पण आधी तुमच्याशी बोलावं असं वाटलं.’ एवढंच. यामुळे अध्यक्षांना सीसी असलेला नकार साहेबांना स्क्रीनवर अचानक वाचावा लागत नाही. संबंध जपायला मेलमधल्या दहा नम्र विशेषणांपेक्षा हा फोन जास्त कामाला येतो. दाभोळच्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडे तात्पुरता कार्यभार देता येईल असं तुमच्या मनात असेल, तर तेही फोनवरच सुचवा. मेलमध्ये दुसऱ्याचं नाव घालू नका. त्या माणसाला विचारलेलं नसतं आणि आपल्या अंगावरचं त्याच्या अंगावर ढकलल्यासारखं दिसतं.

मेल त्याच दिवशी जाऊ दे. सभेची विषयपत्रिका निघायच्या आधी तो पोचला पाहिजे, म्हणजे साहेबांना दुसरी व्यवस्था शोधायला वेळ मिळतो. उशीर केलात तर कारण कितीही चांगलं असो, अडवून धरल्यासारखं वाटतं. नवीन मेल सुरू करू नका, त्यांच्याच मेलला उत्तर द्या, म्हणजे विषयाच्या ओळीत ‘नकार’ शब्द घालायचा प्रश्नच येत नाही. सीसीमध्ये जे आहेत तेच ठेवा. अध्यक्षांना वगळलंत तर लपवल्यासारखं होतं, आणखी कुणाला घातलंत तर साक्षीदार गोळा केल्यासारखं.

मायना हा सुराचा सगळ्यात पहिला भाग आहे आणि इथे बरेच जण घसरतात. तुम्ही एरवी साहेबांना ‘आदरणीय साहेब, नमस्कार’ असं लिहीत असाल तर आजही तेच लिहा. नकार द्यायचा म्हणून ‘प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ असं सुरू केलंत की वाचणाऱ्याला वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटतं. अचानक वाढलेला औपचारिकपणा म्हणजे दुरावाच. उलट नेहमीपेक्षा जास्त गोड झालात तरी ते खटकतं. नेहमीचा सूर तोच ठेवायचा.

मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

> आदरणीय साहेब,
> नमस्कार.
>
> दाभोळ शाखेसाठी आपण माझा विचार केलात याबद्दल आभारी आहे. सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे माझे मत कळवत आहे.
>
> शृंगारतळी शाखा सांभाळून दाभोळ शाखेचा कार्यभार मला स्वीकारता येणार नाही.
>
> शृंगारतळीत तिजोरीची एक चावी माझ्याकडे व दुसरी रोखपालांकडे असते. अधिकारी पद रिक्त असल्याने माझी चावी नियमितपणे सोपवता येईल असे शाखेत दुसरे कोणी नाही. मी दाभोळला असेन त्या दिवशी येथे सोनेतारणाचे दागिने देता-घेता येणार नाहीत आणि येथे असेन त्या दिवशी दाभोळला तीच अडचण येईल. १ ऑगस्टपासून दाभोळला मासेमारीचा हंगाम सुरू होतो. त्यानंतर गणपतीपर्यंत दागिने सोडवण्यासाठी दोन्ही शाखांत गर्दी असते. या काळात दोन्ही तिजोऱ्या रोज वेळेवर उघडणे आवश्यक आहे.
>
> दाभोळची व्यवस्था होईपर्यंत तेथील कर्जप्रस्ताव मेलने पाठवल्यास मी येथूनच छाननी करून शेरा देईन. हे काम ३० सप्टेंबरपर्यंत मला करता येईल.
>
> सभेसाठी चावी नोंदवहीचा तपशील हवा असल्यास लगेच पाठवते.
>
> आपली,
> शाखाधिकारी, शृंगारतळी

यात नकाराचं वाक्य वेगळं, एकटं आणि वरच्या बाजूला ठेवलंय. आभाराच्या लगेच खाली. कारणांच्या मागे ते लपवलं की वाचणारा शेवटपर्यंत ताटकळतो आणि शेवटी ते सापडलं की फसवल्यासारखं वाटतं. त्या वाक्यात ‘तूर्तास’ नाही, ‘शक्यतो’ नाही. ‘तूर्तास’ लिहिलंत तर सप्टेंबरमध्ये पुन्हा विचारणा होईल आणि तेव्हाचा नकार आजच्यापेक्षा अवघड जाईल. ‘मी स्वीकारणार नाही’ असंही लिहिलेलं नाही, कारण त्यात हट्ट दिसतो. ‘मला स्वीकारता येणार नाही’ म्हटलं की परिस्थिती बोलते आणि तरी उत्तर पक्कं राहतं. ‘शृंगारतळी शाखा सांभाळून’ हे शब्द मुद्दाम पुढे घेतलेत. तुम्ही कामाला नाही म्हणत नाही, दोन शाखा एकदम सांभाळायला नाही म्हणताय, हे त्यातून कळतं. उद्या दाभोळला तुमची पूर्णवेळ बदलीच करायचं ठरलं तर मात्र हे कारण लागू होणार नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

दिलगिरी मी कुठेच घातलेली नाही. तुम्ही काही चूक केलेली नाही. ‘क्षमस्व’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, थोडं दडपलं तर ही ऐकेल. अगदीच रुखरुख लागत असेल तर फोनवर म्हणा, ‘तुमची अडचण वाढली याचं वाईट वाटतं, साहेब.’ ते खरं आहे आणि आवाजात ते चांगलं पोचतं.

कर्जप्रस्तावांच्या छाननीचा परिच्छेद तुम्हाला खरोखर जमणार असेल तरच ठेवा. नसेल तर पुसून टाका, त्याच्याशिवायही मेल उभा राहतो. ठेवलात तर तारीख हलवू नका. तारखेशिवाय दिलेली मदत वाढत वाढत कार्यभारच होते: आधी छाननी, मग वसुलीचा आढावा, मग ‘आठवड्यातून एकदा जाऊन या’. आणि तुमच्या चावीच्या कारणाला छेद जाईल असं काही देऊ करू नका. ‘दर गुरुवारी दाभोळला जाईन’ असं भिडेखातर लिहिलंत तर पहिला प्रश्न येईल की गुरुवारी चावी कुठे असते.

मेल गेल्यावर साहेब बहुधा फोन करतील. शांतपणे ऐकून घ्या. ते म्हणतील, ‘दोनच महिन्यांचा प्रश्न आहे.’ त्यावर नवीन कारण काढू नका. नवीन कारण आलं की जुनं खोटं होतं असं समजतात. तेच सांगा: ‘साहेब, दोन महिने म्हटले तरी चावीची अडचण पहिल्या दिवसापासून आहे.’ ते म्हणाले, ‘आम्ही तुमच्याकडे एक अधिकारी देतो, मग?’ तर हा तुमच्यासाठी खरा प्रश्न आहे. चावी घेणारा माणूस मिळाला तर हे कारण संपलं. मग तुम्हाला डायलिसिसचे दोन दिवस धरून आठवडा आखावा लागेल आणि तेव्हाही जमत नसेल तर घरचं कारण त्यांना तोंडी पण सरळ सांगावं लागेल. हे उत्तर आत्ताच ठरवून ठेवा, फोनवर सुचत नाही. लगेच सांगता आलं नाही तर ‘उद्या सकाळी सांगते’ म्हणा आणि सकाळी खरंच सांगा.

शाखेत किंवा दुसऱ्या शाखाधिकाऱ्यांशी यावर बोलू नका. आपल्याकडे पिग्मी एजंटाच्या तोंडून गोष्ट तासाभरात चिपळूणला पोचते आणि तुमच्या मोजून-मापून लिहिलेल्या मेलपेक्षा ‘मॅडमनी साहेबांना सरळ नाही सांगितलं’ हे आधी ऐकलं जातं. जुलैअखेरचं तुमचं मासिक पत्रक मात्र वेळेवर जाऊ दे. साहेबांच्या पुढच्या आढावा बैठकीला नेहमीच्याच चेहऱ्याने बसा. दाभोळचा विषय निघाला तर अंग चोरू नका, विचारलेली माहिती द्या.

आणि एवढं करूनही आदेश निघालाच, तर तो नाकारू नका. तेव्हा प्रश्न मताचा राहत नाही. कार्यभार घ्या, पण चार्ज रिपोर्टवर सही करायच्या आधी साहेबांना दोन ओळींचा मेल करा: ‘आदेशाप्रमाणे १ ऑगस्ट रोजी कार्यभार स्वीकारत आहे. मी दाभोळला असेन त्या दिवशी शृंगारतळीच्या तिजोरीची माझी चावी कोणाकडे असावी आणि येथे असेन त्या दिवशी दाभोळची चावी कोणाकडे असावी, याबाबत लेखी आदेश मिळावा, ही विनंती.’ उत्तर येईपर्यंत चावी कुणालाही देऊ नका. दाभोळला तिजोरीतलं प्रत्येक पाकीट तिथल्या रोखपालासमोर मोजून, सील बघून, यादीवर दोघांच्या सह्या घेऊनच ताबा घ्या, मग त्याला एक दिवस लागो की दोन.